सणाचे पत्र व न लिहिलेले वाक्य

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मंडळीतील एक शिक्षक दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घरी आले. हातात कोरा कागद होता व मुद्रा चिंताक्रांत होती. ते सरकारी प्राथमिक शाळेत शिकवितात. त्याच शाळेत त्यांच्याहून वयाने व नोकरीने वडील असे एक हिंदू गुरुजी आहेत. अकरा वर्षे दोघे एकाच व्हरांड्यात बसून भाकरी खात आले आहेत. यंदा त्या गुरुजींचे नाव मुख्याध्यापकांच्या यादीत येणार, असे सारा तालुका धरून चालला होता. भाद्रपदात हुकूम निघाले, त्यांत गुरुजींचे नाव नव्हते. दुसऱ्या गावचे एक शिक्षक मुख्याध्यापक म्हणून शाळेत आले, आणि गुरुजी पूर्वीप्रमाणेच दुसरीच्या वर्गावर जाऊ लागले. त्या दिवसापासून ते ह्याविषयी कोणाशी एक शब्दही बोलले नाहीत.

आमचे शिक्षकबंधू म्हणाले, “साहेब, मी दरवर्षी त्यांना दिवाळीचे पत्र लिहितो. यंदा लेखणी चालत नाही. ती गोष्ट लिहिली, तर सणाच्या दिवशी त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्यासारखे होते. न लिहिली, तर मनात एक आणि कागदावर एक असा खोटेपणा होतो. ह्यांतून मी काय करावे?”

हा प्रश्न आम्हांस लहान वाटला नाही. आपल्यापैकी प्रत्येकास असे पत्र कधी ना कधी लिहावे लागते. म्हणून त्या संध्याकाळी आम्हां दोघांत जे बोलणे झाले, ते येथे क्रमाने मांडितो.

पहिला प्रश्न हा की, अशा गोष्टीविषयी मौन धरणे हे असत्य होय काय? असत्य म्हणजे दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करणे. येथे कोणाची समजूत खोटी होत आहे? गुरुजींना सर्व ठाऊक आहे. आपणांस ते ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे. जे दोघांनाही माहीत आहे ते न उच्चारल्याने कोणी फसत नाही. झाकणे वेगळे आणि न उघडणे वेगळे. शेजाऱ्याच्या घराचे दार बंद असता ते आपण ढकलले नाही, म्हणून आत घर नाही असे आपण म्हटले, असा त्याचा अर्थ होत नाही. दुःख ज्याचे, ते उघडण्याचा अधिकार त्याचाच. त्याने दार लोटून घेतले आहे. ते केव्हा व कोणापुढे उघडावे हे त्यानेच ठरवावे.

सणाच्या पत्राच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. आपल्या खेड्यापाड्यांत पत्र हे एका माणसाचे नसते, घराचे असते. पत्र आले की लेक ते मोठ्याने वाचिते. म्हातारी आई ऐकते. फराळास आलेला मेव्हणा ओसरीवर बसलेला असतो. ज्या गोष्टीविषयी गुरुजी घरातही बोलत नसतील, ती आपण चांगल्या हेतूने दोन ओळींत लिहिली, तर ती त्यांच्याच लेकीच्या तोंडून सर्वांपुढे वाचली जाईल. एकांतात बोलावयाची गोष्ट चावडीवर बोलण्यासारखेच ते आहे.

परंतु दुसऱ्या एका मौनापासून आम्ही आमच्या बंधूंस सावध केले. ते मौन म्हणजे पत्रच न लिहिणे. “काय लिहावे हे सुचेना, म्हणून राहिले,” असे आपण म्हणतो व आपले समाधान करून घेतो. ज्याला यंदा मान मिळाला नाही, त्याच्या दारी येणारी माणसे आधीच थोडी झालेली असतात. जो दरवर्षी लिहीत असे त्याचे पत्र यंदा आले नाही, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. आणि त्याचा एकच अर्थ त्यास सुचतो, तो असा की, लोक मला नव्हे, माझ्या होऊ घातलेल्या पदाला भेटत होते. म्हणून घटनेविषयी मौन असावे, परंतु माणसाविषयी नसावे.

हे ऐकून आमच्या बंधूंनी तेथेच बसून पहिला खर्डा लिहिला. तो असा होता: “आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. येणारे वर्ष सुखसमृद्धीचे व यशाचे जावो आणि आपली उत्तरोत्तर प्रगती होवो.” आम्ही म्हणालो, “हे आता गुरुजींच्या डोळ्यांनी वाचून पाहा.” त्यांनी वाचिले, आणि ‘उत्तरोत्तर प्रगती’ ह्या शब्दांशी येऊन ते थांबले. दरवर्षी जे शब्द कोणी वाचीतही नाही, तेच यंदा काट्यासारखे उभे राहतात. यश, प्रगती, उत्कर्ष, भरभराट हे सणाच्या पत्रांतले ठराविक शब्द वर चढण्याचे शब्द आहेत. ज्याची पायरी नुकतीच चुकली आहे त्याला ते आठवण करून देतात. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसते. त्याने विचार केला नाही एवढीच त्याची चूक, आणि वाचणाऱ्यास नेमकी तीच बोचते. म्हणून असे पत्र लिहिताना पहिले काम लिहिण्याचे नसून खोडण्याचे आहे. ठराविक शब्दांपैकी जे शब्द चढण्याचे आहेत ते काढावे. आरोग्य, समाधान, घरात एकत्र बसणे, पाऊसपाणी, मुलांचे शिक्षण हे शब्द ठेवावे, कारण ते पदावर अवलंबून नाहीत. दसऱ्याच्या पत्राचेही असेच आहे. त्यात विजयाचे शब्द न घालता आपट्याचे पान पाठवून भेटीची इच्छा लिहावी.

दुसरा खर्डा झाला. त्यात आमचे बंधू म्हणत होते की, प्रत्येक गोष्टीस वेळ यावा लागतो, सोने तापल्यावाचून उजळत नाही, आणि जे होते ते बऱ्याकरिताच होते. त्यांस वाटले की, आता आपण ती गोष्ट न लिहिता लिहिली. आम्हांस मात्र हा खर्डा पहिल्याहून वाईट वाटला. हे मौन नव्हे. बुरखा घालून केलेला तो उल्लेख आहे. जो उघड बोलतो त्यास निदान उत्तर देता येते. जो आडून बोलतो त्यास उत्तरही देता येत नाही, आणि वाचणाऱ्याला हसून ते गिळावे लागते. शिवाय, जे झाले ते बऱ्याकरिता झाले हे सांगणारे आपण कोण? ते ज्याचे झाले, तो एखाद्या दिवशी स्वतः तसे म्हणाला तर ती त्याची श्रद्धा होय. आपण म्हटले तर आपला सुटकेचा मार्ग होय. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते मित्रासारखे वागले. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले तेव्हा ते बिघडले.

तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी लिहिले, “आमचे खरे मुख्याध्यापक तुम्हीच.” हे वाक्य प्रेमाचे आहे ह्यात शंका नाही, पण ते कागदावर उतरले की शाळेत दोन पक्ष पडतात. नवीन मुख्याध्यापकांनी तर कोणाचे काही घेतले नाही. हुकूम आला म्हणून ते आले. आणि गुरुजींनी असे पत्र जपून ठेवावे की फाडावे? जपले तर ते विषासारखे मनात राहील, फाडले तर मित्राचे पत्र फाडल्याचे दुःख होईल.

इतके कागद खर्ची पडल्यावर आम्ही दोन कसोट्या ठरविल्या. पहिली ही की, हे पत्र परगावच्या अनोळखी पाहुण्याने ओसरीवर मोठ्याने वाचिले, तर ह्या घरात काही उणे घडले आहे असा संशय त्यास येऊ नये. दुसरी ही की, वरचे नाव खोडून दुसऱ्या कोणाचे घातले, तर हे पत्र त्यास लागू पडू नये. पहिला खर्डा दुसऱ्या कसोटीस उतरत नाही, कारण तो साऱ्या तालुक्यास पाठविता येईल. दुसरा व तिसरा पहिल्या कसोटीस उतरत नाहीत, कारण पाहुणा लगेच विचारील, “काय झाले हो?” दोन्ही कसोट्यांस उतरणारे पत्र लिहावयाचे, तर त्यात गुरुजींचे असे काहीतरी आले पाहिजे की जे केवळ त्यांचेच आहे आणि जे यादीवर अवलंबून नाही.

असे काय असते? पद तर दुसऱ्याच्या हातचे असते. मुख्याध्यापकाचीच गोष्ट घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात असे आहे की, पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 हून अधिक मुले दाखल असतील तरच मुख्याध्यापकाची स्वतंत्र जागा धरावयाची. म्हणजे जागा किती, हे मुलांच्या डोक्यांवरून मोजले जाते; शिक्षक कसा आहे ह्यावरून नाही. पट कमी झाला की जागा जाते, आणि यादीतला माणूस कितीही लायक असला तरी थांबतो. पदाचा हिशेब असा आहे. कामाचा हिशेब निराळा आहे. केलेले काम कोणत्याही हुकुमाने न केलेले होत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल एकामागून एक माणसांस सलाम सांगतो, तेथे हे दिसून येते. कोणी फार श्रम केले, कोणी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, कोणाची आई त्यालाही आईसारखी झाली, असे तो नावानिशी सांगतो. बहुतेकांच्या नावापुढे त्याने पद लिहिले नाही, केलेले काम किंवा जडलेले नाते लिहिले आहे. सलाम सांगण्याची ही रीत आपणांस उपयोगी पडेल असे आम्हांस वाटले.

म्हणून आम्ही विचारिले, “गुरुजींनी ह्या वर्षात असे काय केले की जे तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिले?” आमचे बंधू थोडा वेळ गप्प राहिले व मग बोलू लागले. आमचा भाग ऊसतोडीचा आहे. पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबाप गेले की मुलेही ट्रकात बसून जातात. शाळेचे अर्धे वर्ष बुडते, आणि मग पुष्कळ मुले परत वर्गात बसतच नाहीत. अशा मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण मूल मागे ठेवण्यास आई तयार झाली पाहिजे. गुरुजी रोज संध्याकाळी वस्तीवर जात. ते आईबापांशी आधी बोलत नसत, आजीशी बोलत. आजी हो म्हणाली की सून हो म्हणे. चौदा मुलांपैकी नऊ मुले यंदा गावी राहिली. हुकूम निघाल्यानंतरही हे जाणे एक दिवस चुकले नव्हते. आमचे बंधू दोनदा त्यांच्याबरोबर कंदील घेऊन गेले होते.

आम्ही म्हणालो, “पत्र ह्यातच आहे.” मग जे पत्र झाले ते त्यांच्या संमतीने येथे देतो.

“प्रिय गुरुजी, सप्रेम नमस्कार. उद्या वसुबारस. आपल्या घरी गाय-वासराची पूजा असेल, म्हणून आजच हे पत्र देतो. परवा वस्तीवरून जाताना त्या तिसरीतल्या मुलीला अंगणात मोठ्याने धडा वाचताना ऐकले. तिची आजी चुलीपाशी बसून ऐकत होती. आपण त्या आजीशी पहिल्या दिवशी बाजरीच्या पिकाविषयीच बोलत राहिलात आणि शाळेचे नावही काढले नाही, तेव्हा मला नवल वाटले होते, आता कळले. सुट्टी संपली की मला पलीकडच्या वस्तीवर जावयाचे आहे. तेथे तीन घरे अजून निघालेली नाहीत. कोणत्या घरी आधी जावे हे आपणांस ठाऊक आहे. एक संध्याकाळ बरोबर याल काय? वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याला आता बरे असेल अशी आशा करितो. मुलांना आशीर्वाद. सीताफळे नेहमीच्याच झाडाची आहेत. सण आपणां सर्वांस आरोग्याचा व समाधानाचा जावो. आपला, …”

आता ह्या पत्रातील तीन गोष्टी वाचकांनी पाहाव्या. पहिली, येथे स्तुती नाही, साक्ष आहे. “आपण थोर आहात” असे म्हटले तर गुरुजींस वाटेल की, आपली समजूत घातली जात आहे. “मुलगी वाचत होती” ही घडलेली गोष्ट आहे. तिच्यात समजूत घालणे नाही, आणि तिचे श्रेय कोणाकडे जाते हे सांगावेही लागत नाही.

दुसरी, येथे एक मागणे आहे. दुखावलेल्या माणसास आपण देऊ करितो, पण त्याच्याकडे काही मागत नाही. त्यामुळे आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असे त्यास वाटू लागते. मागणे खरे असावे, लहान असावे, आणि नाही म्हणण्यास त्यात जागा असावी. कामाचे ढोंग करून मागितले तर ते तत्काळ कळते. पलीकडच्या वस्तीवर तीन घरे खरोखरच निघावयाची राहिली होती.

तिसरी गोष्ट वजनाची. आमच्या बंधूंच्या मनात यंदा पत्राबरोबर धोतरजोडी द्यावी असे होते. आम्ही विचारिले, “गेल्या वर्षी काय दिले होते?” ते म्हणाले, “आमच्या झाडाची सहा सीताफळे.” तर यंदाही सहाच द्यावी. देणगी एकाएकी मोठी झाली की ती स्वतःच बोलू लागते, आणि जे आपण लिहिले नाही ते सांगून टाकिते. पत्राची लांबी, भेटीची वेळ, बसण्याचा काळ हे सारे गेल्या वर्षाइतकेच असावे. फक्त दोन बाबतींत काळजी घ्यावी. पत्र आपल्या हाताने लिहावे, आणि ते इतरांच्या आधी पोहोचवावे. हल्ली शाळेचा भ्रमणध्वनीवर एक समूह असतो. त्यातच नव्या मुख्याध्यापकांचे अभिनंदन झालेले असते व त्याच्याच खाली दिवाळीच्या शुभेच्छा येऊन पडतात. ह्या पत्राची जागा तेथे नव्हे.

तथापि ह्या मौनासही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगता थांबलो तर आमचे लिहिणे अपुरे राहील. गुरुजी स्वतः विषय काढतील, तर त्या क्षणी मौन संपले. तेव्हा “जाऊ द्या हो” म्हणून विषय बदलणे ही क्रूरता होय. तेव्हा ऐकावे, आणि वाईट वाटले असेल तर “मला वाईट वाटले” एवढे सरळ म्हणावे. दुसरे, निवडीत खरोखर अन्याय झाला असेल, सेवाज्येष्ठतेच्या यादीत चूक असेल, आणि आपणांस त्याची माहिती असेल, तर सणाचे पत्र लिहून आपले कर्तव्य संपत नाही. ती गोष्ट सणाआधी किंवा सणानंतर, एकांतात, कागद हाती घेऊन स्पष्ट बोलावयाची आहे, कारण हरकतीची मुदत आपल्या संकोचासाठी थांबत नाही. तिसरे, ज्या माणसाने निवडीच्या वेळी बोलावयास पाहिजे होते व तो बोलला नाही, त्याने असे गोड पत्र लिहून आपले मन हलके करू नये. त्याने आधी जाऊन आपली चूक कबूल करावी. आणि ज्यास ती जागा मिळाली, त्या नव्या मुख्याध्यापकाने काय करावे? त्याने पत्र न लिहिता स्वतः घरी जावे, थोडा वेळ बसावे, फराळ खावा, आणि शाळेविषयी काही न बोलता परत यावे. तो उंबऱ्याशी आला हेच त्याचे बोलणे होय.

आमच्या बंधूंनी पत्र वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी दिले. गुरुजींच्या लेकीने ते ओसरीवर मोठ्याने वाचिले. गुरुजींनी मान हलविली व सीताफळे आत नेऊन ठेवा म्हणाले, इतकेच. पत्रास उत्तर आले नाही. आमचे बंधू थोडे खट्टू झाले, पण आम्ही त्यांस म्हणालो की, ज्या पत्रास उत्तराची अपेक्षा असते ते पत्र नसून उसने असते.

सुट्टी संपल्यावर तिसऱ्या संध्याकाळी गुरुजी कंदील घेऊन त्यांच्या दाराशी उभे राहिले व म्हणाले, “चला, त्या वस्तीवर आधी विहिरीजवळच्या घरी जाऊ. तिथली म्हातारी लवकर निजते.” दोघे गेले. परतताना, अर्ध्या वाटेवर, काळोखात, गुरुजी आपण होऊन म्हणाले, “भाद्रपदात यादी आली ना, त्या रात्री मला झोप आली नाही.” आमचे बंधू काही बोलले नाहीत, त्यांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला व गुरुजींच्या बाजूने चालू लागले. मग घरापर्यंत गुरुजीच बोलत होते.